ओढणी कुठून लटकते? फोटोतल्या माळा, कॉलरी आणि चुण्यांविषयी

आज एकच फोटो घेऊन बसणार आहोत. त्यात गळ्यातलं फिरलंय, कॉलर वाकडी आहे आणि ओढणी खांद्यावरून घसरलीय. तिन्ही दुखणी एकाच फोटोत, त्यामुळे मला वेगळी उदाहरणं शोधावी लागली नाहीत.

माझं काम बडोद्यातलं, दांडिया बाजारच्या जवळ. लग्नाचे अल्बम, जुन्या फोटोंची दुरुस्ती आणि भिंतीवर लावायच्या मोठ्या तसबिरी, हे रोजचं. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीच्या फोनमध्ये भाच्याच्या लग्नातला फोटो होता. आई आणि बाबा शेजारी शेजारी बसलेले, दोघंही मोकळेपणानं हसतायत. आई त्यानंतर चार महिन्यांनी गेल्या. दोघांचा एकत्र आणि चेहरे असे छान आलेला दुसरा फोटो घरात नव्हता. तो 12 बाय 16 इंच करून हवा होता.

फोटो 3000 बाय 4000 पिक्सेलचा, म्हणजे त्या आकाराला इंचामागे 250 पिक्सेल. छपाईला पुरेसे. आता फोटोत काय होतं ते नीट डोळ्यांसमोर आणा. मी डावं-उजवं म्हणेन ते पाहणाऱ्याचं. डावीकडे आई, उजवीकडे बाबा. डाव्या बाजूला मोठी खिडकी, उजेड तिकडून. आईंच्या अंगावर गडद हिरवा पंजाबी ड्रेस आणि लाल जॉर्जेटची बांधणीची ओढणी. ओढणी मानेमागून घेऊन दोन्ही टोकं पुढे सोडलेली, उपरणं घेतात तशी. उजवं टोक खांद्यावरून नीट खाली आलेलं. डावं मात्र खांदा सोडून कोपराच्या खाचेत येऊन अडकलेलं. ओढणी घसरताना तिनं मंगळसूत्रही सोबत ओढलेलं, त्यामुळे ते डावीकडे सरकलेलं आणि दोनपैकी एक वाटी उलटी होऊन तिची पोकळ बाजू दिसत होती. बाबांच्या शर्टाच्या कॉलरचं एक टोक वर उभं राहिलेलं.

मुलगी म्हणाली, "काका, एवढं नीट करून द्या. पण आई आईसारखीच दिसली पाहिजे."

पहिला प्रयत्न, जो फसला

मी तेव्हा घाईत होतो. ओढणीची निवड केली, वेगळ्या लेयरवर घेतली, Edit > Puppet Warp उघडलं, चार-पाच पिना टोचल्या आणि कोपरावरचं कापड सरळ वर ओढून खांद्यावर आणून ठेवलं. वीस मिनिटांचं काम. लांबून बरं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मुलीनं पाहिलं आणि म्हणाली, "काका, आईनं ओढणी घेतल्यासारखी वाटत नाहीये. चिकटवल्यासारखी वाटतेय."

तिला फोटोशॉप येत नव्हतं, पण तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. चूक कुठे होती ते मला नंतर बसून शोधावं लागलं. आजच्या भागात तेच सांगायचंय: कापडाची प्रत्येक चुणी कुठून तरी निघते. कापड जिथे टेकलेलं असतं किंवा अडकलेलं असतं, तिथून. टेकण्याची जागा बदलली की चुण्यांचा आकार बदलतो. मी जागा बदलली, पण चुण्या जुन्याच ठेवल्या.

घरी एक ओढणी घ्या आणि करून बघा. दोन हातांत दोन ठिकाणी धरा आणि हात थोडे जवळ आणा. मध्ये झोळ पडतो आणि झोळाच्या चुण्या एकाखाली एक, अर्धगोल, पाळण्यासारख्या येतात. आता तीच ओढणी एका चिमटीत धरा. चुण्या चिमटीतून निघून खाली पसरत जातात, मिटलेली छत्री उलगडावी तशा. वर अरुंद, खाली रुंद. तिसरा प्रकार: ओढणी लांब सोडा आणि तिचं टोक टेबलावर टेकू द्या. जिथे टेकते तिथे कापड नागमोडी साठतं.

कोपराच्या खाचेत ओढणी अडकली होती तेव्हा ती दोन बाजूंनी टांगलेली होती. एक बाजू पाठीमागून येणारी, दुसरी मांडीवर जाणारी. म्हणून तिथे अर्धगोल झोळ होते. ते झोळ मी खांद्यावर नेऊन बसवले. खांद्यावर मात्र ओढणीला टेकायला एकच जागा असते आणि तिथून ती सरळ खाली येते. तिथे झोळाला काही कारणच नाही. पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण आयुष्यभर ओढण्या पाहिलेल्या डोळ्यांना ते खटकतं.

दुसरा पुरावा बांधणीचा होता. बांधणीचे ठिपके म्हणजे कापडावर आपोआप छापलेला आलेखाचा कागदच. मी कापड ताणलं तिथे ठिपके लांबट झाले, ज्वारीच्या दाण्याचे तांदूळ झाल्यासारखे. खरी ओढणी अशी एका बाजूला ताणली जात नाही. तुमच्या फोटोत बांधणी, चौकडा किंवा रेघा असतील तर काम करताना अधूनमधून फक्त नक्षीकडे बघा. कापड कुठे खोटं झालंय ते ती लगेच सांगते.

आधी नमुना

दुसऱ्या वेळी मी संगणक बंद ठेवला. घरी बायकोला तिची जॉर्जेटची ओढणी घ्यायला सांगितली आणि डाव्या हाताला खिडकी येईल अशी खुर्चीवर बसवली. फोटोतल्या आई किंचित उजवीकडे, बाबांच्या दिशेनं कलल्या होत्या, तेवढंच तिला कलायला सांगितलं. कॅमेरा साधारण तेवढ्याच उंचीवर धरून फोनवर पाच-सहा फोटो काढले. ही ओढणी मूळ फोटोत चिकटवायची नव्हती. ती फक्त बघायला.

त्यात दिसलं ते असं. खांद्यावर तीन-चार अरुंद चुण्या एकमेकींना चिकटून होत्या. खाली येताना त्यातल्या दोनच ठळक राहिल्या, बाकीच्या पसरून सपाट झाल्या. छातीच्या उंचवट्यावरून उतरल्यावर कापड अंगापासून थोडं सुटून लोंबत होतं. आणि बसलेल्या माणसाच्या हातावर, मांडीवर येऊन ते परत साठत होतं. हे मनानं काढायला गेलो असतो तर मी दहा चुण्या सारख्या अंतरावर मारल्या असत्या, पडद्यासारख्या.

कापड कोणतं, हेही बघायला हवं. जॉर्जेट मऊ आणि पडणारं असतं, त्याच्या चुण्या बारीक आणि गोलसर. कडक सुती ओढणीच्या चुण्या कमी असतात, पण टोकदार, मधेच मोडल्यासारख्या. ऑर्गंझा फुगून उभं राहतं. म्हणून नमुन्याला त्याच जातीचं कापड घ्या.

क्रम: अंगाजवळचं आधी

काम कुठून सुरू करायचं? मी अंगाजवळच्या वस्तूपासून बाहेर जातो. आधी मंगळसूत्र, कारण ते कातडीवर आणि ड्रेसच्या गळ्यावर टेकलंय. ओढणी त्याच्यावरून येते, म्हणून ती नंतर. उलट केलं तर ओढणीखालून पोत सरकवताना केलेलं काम परत उसवावं लागतं.

मंगळसूत्र मध्यावर आणायचं, पण मध्य कोणता? फोटोचा नाही आणि हनुवटीच्या खालचाही नाही, कारण मान वळलेली असू शकते. गळ्याच्या खळगीपासून सुरुवात करा. माणूस ताठ बसला असेल तर वाट्या त्या खळगीच्या खाली येतील. आई थोड्या उजवीकडे कलल्या होत्या. वजन नेहमी जमिनीच्या दिशेनं जातं, शरीराच्या दिशेनं नाही. म्हणून वाट्या अंगाच्या मध्यापासून किंचित उजवीकडे पडायला हव्यात. मी त्या मध्यापासून साधारण 15 पिक्सेल उजवीकडे ठेवल्या. बरोबर मध्यावर ठेवल्या असत्या तर त्या शिवून टाकल्यासारख्या दिसल्या असत्या.

माळेचा आकारही वजनावर ठरतो. दोन टोकांना धरलेली नुसती साखळी जो बाक घेते त्याचं गणित हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नूली यांनी 1691 मध्ये मांडलं होतं. आपल्याला गणित नको, एवढंच लक्षात ठेवा: नुसती पोत असेल तर ती गोलसर पडते. खाली वाट्यांचं किंवा पदकाचं वजन असेल तर दोन्ही बाजू ताणल्या जातात आणि आकार इंग्रजी व्ही अक्षराकडे झुकतो. बाक राहतो तो फक्त गळ्याच्या हाडावरून पोत जाते तिथे.

आता हात. पोतीची उजवी बाजू ताणलेली आणि छान दिसत होती, डावी गोळा झालेली. उजवी बाजू निवडून Ctrl+J नं वेगळ्या लेयरवर घेतली. तुम्हाला वाटेल, आता आडवी उलटी करून डावीकडे लावा. तसं करू नका. उजेड डावीकडून आहे, प्रत्येक काळ्या मण्यावर चमकेचा ठिपका डाव्या अंगाला आहे. आरशासारखी उलटवली की सगळे ठिपके उजवीकडे जातील, आणि एकाच गळ्यात दोन खिडक्या दिसतील. मी ती न उलटवता फिरवली. फिरवल्यानं चमक थोडी सरकते, पण मणी गोल आणि बारीक असल्यानं ते खपतं. मग Puppet Warp मध्ये तीन पिना: एक मानेपाशी, एक हाडावर, एक वाट्यांजवळ. मोड Rigid ठेवला, म्हणजे मणी ताणून अंडाकृती होत नाहीत. पोत लांबीला कमी पडली तर ताणू नका, आणखी चार मणी कापून जोडा.

उलट्या वाटीची पोकळ बाजू ओढूनताणून सुलट होत नाही, कारण तिची बाहेरची बाजू फोटोत आलेलीच नाही. शेजारची सुलट वाटी घेतली, न उलटवता तिच्या जागी ठेवली, दोन अंश फिरवली आणि थोडी गडद केली. नाहीतर दोन्ही वाट्यांवर तीच चमक त्याच जागी दिसते आणि नक्कल कळते.

इथे एक इशारा. उलटी वाटी म्हणजे नेहमीच चूक नसते. आपल्यात बऱ्याच घरांत नव्या नवरीच्या मंगळसूत्राच्या वाट्या सुरुवातीला उलट्याच असतात आणि सोळाव्या दिवशी सुलट करतात. मी एकदा लग्नाच्या अल्बममध्ये शहाणपणा करून सगळ्या फोटोंत वाट्या सुलट करून दिल्या होत्या. नवरीच्या आजींनी अल्बम बघितला आणि परत पाठवला. तेव्हापासून दागिन्याला हात लावण्याआधी विचारतो.

शेवटी सावली. जुन्या जागेवरची सावली आधी पुसा. दागिना सरकवला आणि त्याची सावली तिथेच राहिली, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मग नवीन सावली: वेगळा लेयर, मोड Multiply, आणि रंग काळा नाही. त्याच गळ्यावर हनुवटीखाली जी खरी सावली आहे तिथला तपकिरी रंग उचला. पोतीच्या उजव्या कडेला, उजेडाच्या उलट बाजूला, तीन-चार पिक्सेलची बारीक रेघ. मंगळसूत्र कातडीवरून हिरव्या ड्रेसवर येतं तिथे सावलीचा रंगही बदलायला हवा, गडद हिरवा. ही रेघ नसेल तर दागिना हवेत तरंगतो.

कॉलर: बिजागरीचं दार

बाबांची कॉलर सोपी, पण तिचा स्वभाव ओढणीच्या उलट. कॉलरच्या आत कडक कॅनव्हास असतो. ती लोंबत नाही. खाली मानेभोवती जी पट्टी असते तिला ती जोडलेली असते आणि दारासारखी त्या जोडावर फिरते. म्हणून कॉलर ओढायची नसते, फिरवायची असते.

कॉलरचं वर उठलेलं पान निवडून वेगळं घेतलं. Ctrl+T केल्यावर फिरण्याचा केंद्रबिंदू मधून हलवून पट्टीच्या जोडावर नेला आणि पान खाली फिरवलं. उभी कॉलर आपल्याकडे तोंड करून थोडी आखूड दिसते, खाली पडल्यावर पूर्ण लांबी दिसते. म्हणून दुसऱ्या पानाशी लांबी ताडून बघून टोक थोडं पुढे आणलं.

खरीखोटी ओळखायची जागा म्हणजे टीप. कॉलरच्या कडेपासून काही मिलिमीटर आत शिलाईची रेघ असते आणि ती कडेला समांतर धावते. Warp करताना कड सरळ झाली, पण टीप मधेच कडेला भिडली किंवा दूर गेली, की शिंपी लगेच ओळखेल. फिरवल्यानंतर मी टिपेवरून एकदा डोळा फिरवतो. नंतर पानाखाली सावली. टोकाशी कॉलर शर्टापासून जरा उचललेली असते, म्हणून तिथे सावली रुंद आणि मऊ. जोडाकडे ती अरुंद आणि गडद.

पुरुषांच्या शर्टात डावी पट्टी उजवीवर येते, बायकांच्या शर्टात बहुधा उलट. एक बाजू उलटवून दुसरीकडे लावायचा मोह झाला तर ही गोष्ट आणि उजेड, दोन्ही आठवा.

आता ओढणी

खरं कापड जेवढं ठेवता येईल तेवढं ठेवायचं, हा माझा नियम. हातावर आणि मांडीवर आलेला ओढणीचा भाग तसाच राहू शकत होता. फक्त तो पाठीमागून येण्याऐवजी खांद्यावरून येतोय असं दिसायला हवं होतं. म्हणजे मला हवं होतं ते खांद्यापासून हातापर्यंतचं एक पान, साधारण 1100 पिक्सेल लांब आणि 350 रुंद. आणि कोपराच्या बाहेर, जिथून ओढणी मागून येत होती, तिथली जागा भरायची होती.

ती जागा आधी भरली. तिथे बाही आणि सोफ्याची पाठ एवढंच होतं. Clone Stamp नं आधी बाहीची कड वरपासून खालपर्यंत एका ओघात पूर्ण केली, मग दोन्ही बाजू भरल्या. बाहीवर ओढणीची जुनी लालसर झाक राहिली होती, ती काढली. लाल कापड शेजारच्या कापडावर आपला रंग टाकतं. कापड हललं की तो रंगही हलला पाहिजे.

पानासाठी कापड कुठून आणायचं? उजव्या खांद्यावरून. तीच ओढणी, तोच उजेड, आणि तिथे चुण्या खऱ्याच खांद्यावरून निघालेल्या. ते पान कॉपी केलं, न उलटवता डावीकडे आणलं आणि आठ अंश फिरवलं. इथेही कारण तेच: प्रत्येक चुणीची डावी बाजू उजळ आणि उजवी काळोखी होती. डावा खांदा खिडकीच्या जवळ आहे, म्हणून Curves नं पान थोडं उजळ केलं. मग Puppet Warp, या वेळी मोड Normal, पिना फक्त चार: मानेपाशी, खांद्याच्या माथ्यावर, छातीखाली आणि हातावर. पिना जितक्या जास्त तितकं कापड गोंधळतं.

आता दोन्ही बाजूंना एकसारखं पान झालं, ठिपक्यांसकट. ते मोडायचं होतं. इथे चुण्या हातानं घालाव्या लागतात, आणि हा भाग सावकाश समजून घ्या.

नवा लेयर, मोड Soft Light, 50 टक्के राखाडीनं भरलेला. त्यावर पांढऱ्या ब्रशनं उजळ, काळ्यानं गडद. ब्रशचा Flow 6 टक्के. एका फटक्यात चुणी काढू नका, सात-आठ हलके हात द्या. आधी रुंद ब्रशनं मोठा चढउतार, मग अरुंद ब्रशनं कड.

चुणीच्या दोन कडा सारख्या नसतात. कापड वळून खाली जातं ती बाजू हळूहळू गडद होते, पहाट होते तशी, फक्त उलट. पण जिथे एक थर दुसऱ्यावर येतो तिथे सावली कापल्यासारखी संपते. एक बाजू मऊ, एक बाजू कडक. दोन्ही मऊ केल्या तर कापडाचा फुगा होतो. दोन्ही कडक केल्या तर पत्रा होतो. शिकाऊ मुलांच्या कामात नव्वद वेळा हाच घोटाळा असतो.

चुणी संपते कशी, तेही बघा. ती मधेच तुटत नाही. एकतर पसरत सपाट होते, नाहीतर शेजारच्या चुणीत मिसळते. मी दोन जुन्या चुण्यांपैकी एक छातीच्या उंचवट्यावर विझवली आणि तिच्या शेजारून एक नवी काढली, जी खाली हातावर जाऊन साठलेल्या कापडात मिसळली.

आणि ठिपके. चुणी पडते तेव्हा थोडं कापड आत दडतं. म्हणजे चुणीच्या अलीकडची ठिपक्यांची ओळ पलीकडे सरळ पुढे जात नाही, तिथे काही ठिपके गायब असतात. नुसती सावली टाकली आणि ओळ अखंड राहिली, तर सपाट कापडावर चुणीचं चित्र काढल्यासारखं दिसतं. म्हणून नव्या चुणीच्या कडक कडेवर मी पान कापलं आणि पलीकडचा भाग 12 पिक्सेल आत, कडेखाली सरकवला. ओळी तुटल्या आणि चुणी एकदम खोल झाली. या एका गोष्टीनं जेवढा फरक पडला तेवढा सगळ्या ब्रशकामानं पडला नव्हता. चौकड्याला, रेघांना आणि काठालाही हेच लागू.

मग जोड. हातावरच्या जुन्या झोळांपैकी दोन सर्वात खोल झोळ काढले, कारण ते मागून येणाऱ्या ओढीचे होते. उथळ होते ते ठेवले. कापड वरून येऊन हातावर टेकलं की तेवढी नागमोड असतेच.

शेवटी ओढणीची सावली ड्रेसवर, उजव्या कडेला, खांद्यापाशी जवळजवळ नाही, खाली कापड अंगापासून सुटतं तिथे दहा पिक्सेल. जॉर्जेट आरपार असतं, खालचा हिरवा थोडा वर दिसतो. माझं पान मूळ त्याच ड्रेसवरून घेतलेलं होतं म्हणून ते आपोआप जमलं. ते कातडीवरून किंवा पांढऱ्या सोफ्यावरून उचललं असतं तर रंग जुळला नसता.

तपासणी

ओढाताण केलेल्या भागातले फोनच्या कॅमेऱ्याचे बारीक दाणे पुसले जातात आणि तो भाग गुळगुळीत दिसतो. त्यावर Filter > Noise > Add Noise, Gaussian आणि Monochromatic, दीड टक्का. 100 टक्के मोठं करून जुनं कापड आणि नवं कापड शेजारी बघायचं. दाणे सारखे झाले की थांबायचं.

मग फोटो आडवा उलटवून बघायचा. रोज बघून डोळा सवयीला लागलेला असतो, उलटा फोटो नवा वाटतो आणि चुका वर येतात. त्यानंतर सगळे रंग काढून कृष्णधवल बघायचा, म्हणजे उजेड-सावलीतली गडबड कळते. मला तेव्हा कळलं की नवं पान खांद्याच्या माथ्यावर पुरेसं उजळलेलं नव्हतं. शेवटी फोटो काडेपेटीएवढा छोटा करायचा. तेवढ्यातही नजर ओढणीवर जात असेल तर काम अपुरं आहे. नजर चेहऱ्यावर जायला हवी.

या सगळ्याला मिळून साडेतीन तास लागले. त्यातले दोन एकट्या ओढणीला.

हात कुठे थांबवायचा

हे काम भिंतीवरच्या फोटोसाठी ठीक आहे. ओळखपत्राच्या किंवा कुठे पुरावा म्हणून द्यायच्या फोटोत मी असलं काही करत नाही, कपडा सरळ करायचा असेल तर फोटो पुन्हा काढायला सांगतो. आणि घरच्यांना विचारल्याशिवाय पद्धत बदलत नाही. आमच्याकडे गुजराती घरांत साडीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. तो "चुकलाय" म्हणून कुणी डावीकडे नेला तर काय होईल? डोक्यावरची ओढणी मागे सरकली असेल तर ती परत डोक्यावर घ्यायची की तशीच ठेवायची, हे त्या बाईनं ठरवायचं. ती नसेल तर तिला ओळखणाऱ्यांनी. आपण नाही.

म्हणून यावेळी छापण्याआधी मी मुलीला बोलावलं. तिनं बराच वेळ बघितलं. ओढणीबद्दल काही बोलली नाही, आणि ते मला हवंच होतं. मग म्हणाली, "मंगळसूत्र अजून जरा डावीकडे घ्याल? आईचं कायम सरकलेलं असायचं. ती ते सारखं मध्ये घ्यायची आणि ते परत जायचं." मी मोजून मापून ठेवलेले 15 पिक्सेल बाजूला गेले. वाट्या डावीकडे नेल्या, पोतीची एक बाजू थोडी सैल केली, सावली सरकवली. शास्त्रानं ते किंचित चुकीचं होतं, पण पोतीचा एक मणी ओढणीच्या कडेला टेकवल्यावर त्याला कारणही मिळालं: ओढणीनं ओढलंय. कारण मिळालं की डोळा मानतो.

बाबा मागे उभे होते. त्यांनी फक्त कॉलर बघितली. म्हणाले, "फोटो काढायच्या आधी ती नेहमी हात फिरवून बसवायची. त्या दिवशी बोलता बोलता राहून गेलं."

फोटो सागाच्या चौकटीत गेला. पुढच्या भागात साडीच्या निऱ्या घेऊ. त्यासाठी घरातली एक सुती आणि एक रेशमी साडी जवळ ठेवा, कारण आधी त्या हातात धरून बघायच्या आहेत.